चॅटचा स्टिकर आणि छपाईची पीएनजी: दिसायला सारखे, कामाला वेगळे

मागचं पांढरं खोडून पीएनजी सेव्ह केली की लोगो कुठेही चालेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेला स्टिकर टी-शर्टवर छापला तर कडा धूसर येतात. उलट छपाईची फाइल चॅटमध्ये टाकली तर काळी अक्षरं डार्क थीममध्ये दिसेनाशी होतात. बॅकग्राउंड दोन्हीकडे पारदर्शकच असतं, गडबड असते ती कडेला.

पारदर्शकता म्हणजे नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ नव्हे. प्रत्येक पिक्सेल पूर्ण भरीव, पूर्ण पारदर्शक किंवा अधलामधला असू शकतो. स्क्रीनवर गोलाई गुळगुळीत दिसते ती कडेच्या या अधल्यामधल्या पिक्सेलांमुळेच. गडद कापडावर डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवायची छपाई करताना मात्र रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि पांढरी शाई धड अर्धी देता येत नाही. मग कडेला पांढरट कण उमटतात. हलकी सावली तर हमखास मळकट डागासारखी छापली जाते.

समजा, काळ्या अक्षरांचा, पिवळा, गोल लोगो 4 इंच रुंद छापायचा आहे. 300 डीपीआयने 1200 पिक्सेल लागतात. 512 पिक्सेलचा स्टिकर तेवढाच ताणला तर इंचाला जेमतेम 128 पिक्सेल उरतात, म्हणून मोठी फाइल आधी करायची. सावलीचा लेयर बंद करा आणि `GIMP` मध्ये `Layer > Transparency > Threshold Alpha` वापरून कडा भरीव करा. झूम केल्यावर पायऱ्या दिसतील, पण 300 डीपीआयला त्या सहसा डोळ्यांना जाणवत नाहीत. खाली गडद लाल लेयर टाकून बघा: कडेला पांढरी झालर दिसली, तर जुनं बॅकग्राउंड नीट निघालेलं नाही. पांढऱ्या लेयरवर ही चूक कधीच सापडत नाही.

स्टिकर मूळ, मऊ कडांच्या फाइलवरूनच करायचा. लोगो 464 पिक्सेलवर आणा, भोवती 8 पिक्सेलची पांढरी किनार द्या आणि 512×512 च्या पारदर्शक चौकटीत मधोमध ठेवा. चारी बाजूंना 16 पिक्सेल मोकळे राहतात. गडद चॅटमध्ये लोगोची कड आणि गोलाबाहेर येणारी काळी अक्षरं उठून दिसतात ती या किनारीमुळे. टी-शर्टवर मात्र तीच किनार उगाच पांढऱ्या गोलासारखी छापली जाईल. व्हॉट्सअ‍ॅपला न हलणारा स्टिकर वेबपी स्वरूपात, 100 केबीच्या आत हवा.

छापणाऱ्याला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची असेल, तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती जेपीईजी होते, आणि जेपीईजीत पारदर्शकता मुळी साठतच नाही.