प्लेटलेट उतरल्या म्हणजे डेंग्यूच का? परदेशातून आलेल्या माणसाचा ताप : हिवताप आणि डेंग्यू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पावसाळ्यात कुणाला ताप आला की दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला जातं आणि रिपोर्ट हातात पडताच घरातले पहिला आकडा बघतात तो प्लेटलेटचा. तो लाखाच्या खाली असला की निदान घरातच होऊन जातं : डेंग्यू. मग पपईच्या पानांचा रस, किवी आणि रोज सकाळी प्लेटलेट मोजणं सुरू होतं. गावातच असलेल्या माणसाबाबत हा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो. पण ताप आलेला माणूस तीन आठवड्यांपूर्वी आफ्रिकेतून उतरला असेल, तर हाच अंदाज जिवावर बेतू शकतो. हिवतापातही प्लेटलेट तितक्याच सहज उतरतात, आणि फॅल्सिपेरम जातीचा हिवताप उपचाराविना दोन-तीन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडं गाठू शकतो.

प्लेटलेटवरून या दोन तापांमध्ये फरक करता येत नाही, हे आधी मान्य करायला हवं. टायफॉइडमध्येही त्या थोड्या उतरतात. फरक कळतो तो दिवस मोजून, रक्ताच्या इतर आकड्यांवरून आणि शेवटी जंतू डोळ्यांनी पाहून.

एक उदाहरण घेऊ. चिकोडी तालुक्यातला ३८ वर्षांचा वेल्डर दोन वर्षं नायजेरियात काम करून २ ऑगस्टला तिथून निघाला आणि घरी आला. १८ ऑगस्टला त्याला हुडहुडी भरून ताप आला. डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय, दोनदा उलटी झाली. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट असा : हिमोग्लोबिन १२.१, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का ३६, पांढऱ्या पेशी ४,६००, प्लेटलेट ६४,०००, बिलिरुबिन २.८. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह. टायफॉइडची विडाल चाचणी १:१६०. हिवतापाची एक स्लाइड पाहिली, तीत जंतू दिसले नाहीत. एवढ्यावर ‘डेंग्यू आणि टायफॉइड मिक्स’ म्हणून सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करण्याचा मोह कुणालाही होईल. इथेच थांबून पहिल्यापासून मोजायला लागावं.

पहिला प्रश्न तारखांचा. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप साधारण ४ ते १० दिवसांत येतो आणि १४ दिवसांच्या पुढे जात नाही. वेल्डरला नायजेरिया सोडल्यावर सोळाव्या दिवशी ताप आला, म्हणजे नायजेरियातला डेंग्यू यादीतून गेला. चिकोडीचा डेंग्यू मात्र गेलेला नाही. ऑगस्टमध्ये टाक्या आणि टायरमध्ये पाणी साचलेलं असतं, माणूस सोळा दिवस घरी आहे, तेव्हा इथला डास त्याला चावला असणं सहज शक्य आहे. ‘१४ दिवस उलटले, डेंग्यू नाही’ हा नियम परदेशातल्या डासालाच लागू होतो, गल्लीतल्या डासाला नाही.

हिवतापाचं गणित वेगळं. फॅल्सिपेरम चावल्यापासून सातव्या दिवसाआधी सहसा दिसत नाही. परतल्यानंतर बहुतेकांना महिन्याभरात आणि काहींना तीन महिन्यांपर्यंत तो गाठतो. सोळावा दिवस त्याच्या ऐन मोसमात येतो. टायफॉइडला ६ ते ३० दिवस लागतात, म्हणून तारखा त्यालाही वगळत नाहीत.

‘दोन वर्षं तिथे राहिला, त्याला सवय झाली असेल’ असं घरचे म्हणतात. हिवतापाविरुद्धची ताकद लहानपणापासून वर्षानुवर्षं चावे खाल्लेल्यांना येते आणि तीही अर्धवट असते. सीमाभागातून गेलेल्या माणसाला ती नसते, आणि थोडी आली असेल तर परतल्यावर ओसरते.

दुसरा प्रश्न ताप उतरण्याचा, आणि दोन्ही रोगांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक बहुधा इथेच आहे. हिवतापात ताप उतरतो, दरदरून घाम येतो, माणूस उठून चहा पितो आणि घरच्यांना वाटतं सुटला. काही तासांत तो पुन्हा थरथरतो. ‘एकाआड एक दिवस’ ही चाल व्हायवॅक्स जातीत दिसते. फॅल्सिपेरम सुरुवातीला वेळापत्रक पाळत नाही, म्हणून ताप रोज किंवा सलग येतो यावरून हिवताप नाही असं ठरवू नये. डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो, हिमॅटोक्रिट चढतो, हातपाय गार पडतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा ही त्या वेळची धोक्याची खूण. टायफॉइडचा ताप असा उतरतच नाही. तो रोज थोडा थोडा चढतो आणि बरोबर औषध मिळालं तरी उतरायला चार-पाच दिवस घेतो.

आता रिपोर्टमधले बाकीचे आकडे वाचू. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा चांगल्याच खाली येतात, दोन-तीन हजारांपर्यंतही. हिमोग्लोबिन टिकून असतं आणि पाझर सुरू झाला की हिमॅटोक्रिट वर जातो. हिवतापात तांबड्या पेशीच फुटतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट खाली येतात, बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळसर दिसू लागतात. वेल्डरचा हिमॅटोक्रिट ३६, म्हणजे पुरुषासाठी कमीच. पांढऱ्या पेशी ४,६००, म्हणजे फारशा उतरलेल्या नाहीत. त्यात बिलिरुबिन २.८. काटा हिवतापाकडे झुकला आहे. तरी हा झुकलेला काटा आहे, निकाल नव्हे.

निकाल स्लाइड देते, पण एक स्लाइड देत नाही. फॅल्सिपेरमचे मोठे झालेले जंतू शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात आणि बोटातून घेतलेल्या थेंबात काही तास सापडतच नाहीत. म्हणून पहिली स्लाइड निगेटिव्ह आली तर १२ ते २४ तासांनी दुसरी आणि मग तिसरी करावी लागते. दोन-तीन दिवसांत तिन्ही निगेटिव्ह आल्यावरच हिवताप बाजूला ठेवता येतो. थंडी वाजत असतानाच रक्त घ्यायचं ही जुनी समजूत आहे. कधीही घ्या, पण पुन्हा घ्या. जाड थराच्या स्लाइडवर जंतू शोधतात, पातळ थरावर जात ओळखतात आणि किती टक्के पेशींत जंतू आहेत ते मोजतात. दोन्ही मागायच्या. लॅबमध्ये ट्यूब तासन्‌तास पडून राहिली तर जंतूंचा आकार बिघडतो, त्यामुळे ताजं रक्त हवं.

सोबत रॅपिड कार्ड करावं. ते पंधरा-वीस मिनिटांत सांगतं आणि रात्री स्लाइड वाचणारा नसला तर तेच हाताशी असतं. त्याच्या दोन उणिवा लक्षात ठेवाव्यात. हिवताप बरा झाल्यावरही काही आठवडे ते पॉझिटिव्ह दाखवू शकतं. आणि इरिट्रिया, इथिओपियासारख्या काही देशांत फॅल्सिपेरममधलं जे प्रथिन कार्ड शोधतं, तेच काही जंतूंत नसतं, म्हणून तिथून आलेल्याचं निगेटिव्ह कार्ड पुरेसं नाही. रुग्णाला आणखी एक गोष्ट थेट विचारावी : तिथून आणलेल्या हिवतापावरच्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या घेतल्या का? आफ्रिकेतून येणारे पुष्कळजण हे पाकीट बॅगेत ठेवतात. ताप आला की चार गोळ्या घेतात आणि बरं वाटलं की सोडून देतात. अशा वेळी जंतू कमी होतात, संपत नाहीत, आणि स्लाइड फसवते.

वेल्डरच्या विडालचं काय? आपल्या भागात पूर्वी जंतूशी गाठ पडलेले लोक पुष्कळ, आणि हिवतापातही विडाल उगाच वर जातो. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये. टायफॉइडचा खरा पुरावा रक्ताच्या कल्चरमध्ये असतो. तो पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी, मोठ्यांसाठी एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त घेऊन करतात. पहिल्याच दिवशी अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेतलं की ही वाट बरीचशी बंद होते. डेंग्यूची एनएस-१ तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. ती निगेटिव्ह आली तरी डेंग्यू पूर्ण जात नाही, पाचव्या दिवसानंतर डेंग्यूची आयजीएम चाचणी पाहावी.

उदाहरणात दुसऱ्या दिवशी पुन्हा स्लाइड झाली. फॅल्सिपेरम, १.५ टक्के पेशींत. निगेटिव्ह स्लाइडवर विसंबून चार दिवस डेंग्यूचे उपचार चालले असते, तर हा आकडा कुठवर गेला असता हे सांगणं अवघड नाही.

चुकीचं निदान सलाईनच्या बाटलीतही महागात पडतं. डेंग्यूच्या पाझरात मोजून मापून सलाईन लागतं, शॉकमध्ये पटकन लागतं. गंभीर हिवतापात तेच सलाईन भरभर दिलं की फुप्फुसांत पाणी भरतं. ‘ताप आहे, दोन बाटल्या चढवा’ ही आपल्याकडची मागणी म्हणूनच धोक्याची. दोन्ही तापांत निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल चालतं, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नको. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो.

वेल्डर शुद्धीत होता, गोळ्या पोटात राहत होत्या, लघवीचा रंग काळपट नव्हता, तेव्हा तोंडी उपचार पुरले. पहिले २४ तास तरी त्याला दवाखान्यात ठेवायचं, कारण गोळ्या सुरू झाल्यावरही असा रुग्ण बिघडू शकतो. २०/१२० च्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या चार गोळ्या एका वेळी, तीन दिवसांत सहा वेळा, म्हणजे एकूण २४. ० आणि ८ तासांनी, मग २४, ३६, ४८ आणि ६० तासांनी. दुधाबरोबर किंवा तुपाच्या भातावर घ्यायच्या, कारण स्निग्ध पदार्थाविना औषध नीट शोषलं जात नाही. तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा. गुंगी, झटके, ठळक कावीळ, कमी लघवी, श्वास लागणं किंवा दहा टक्क्यांवर जंतू असते, तर शिरेतून आर्टेसुनेट द्यावं लागतं : २.४ मिग्रॅ प्रति किलो, ०, १२ आणि २४ तासांनी, मग रोज. ते लहान गावात होण्यासारखं नाही. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात तसाच पाठवायचा, रिपोर्टची वाट बघत एक रात्र घालवायची नाही.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेल्याला डिसेंबर ते मे दरम्यान असा ताप आला, प्लेटलेट उतरल्या आणि स्लाइड निगेटिव्ह असली, तर माकडताप विसरू नये. चोर्ला घाटाखाली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले आहेत. ऑगस्टमधल्या वेल्डरला मात्र तो लागू पडत नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी स्लाइड पुन्हा करायची. जंतू गेले की प्लेटलेट आपोआप चढतात, त्यासाठी पपईची पानं वाटावी लागत नाहीत. सोबत प्रिमाक्विनचा एकच डोस देतात, तो रुग्णासाठी नव्हे, त्याच्या रक्तातून इथल्या डासाला संसर्ग होऊ नये म्हणून. फॅल्सिपेरम यकृतात लपून राहत नाही, पण व्हायवॅक्स आणि ओव्हेल राहतात. आफ्रिकेत ओव्हेल आहे, म्हणून या माणसाला पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास ताप आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगायचं : मी नायजेरियात होतो.