मुरमांवरचे टी ट्री तेल आणि गंधक : औषध किती टक्क्यांचे?

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात गंधकाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. भुरी रोगासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक जवळजवळ प्रत्येक बागायतदाराच्या घरी असते, आणि घरातल्या एखाद्या मुलाच्या गालावर मुरूम आले की “गंधक तर त्वचेलाही चालते” हे ऐकीव ज्ञान त्या पुड्यापर्यंत सहज पोहोचते. हे ज्ञान पूर्ण चुकीचे नाही, आणि धोका नेमका त्यातूनच निर्माण होतो. गंधक काय किंवा आजकाल घरोघरी दिसणारे टी ट्री तेल काय, दोन्ही मुरमांवर काही प्रमाणात उपयोगी पडतात; पण ज्या तीव्रतेत ते तपासले गेले आणि ज्या तीव्रतेत लोक ते चेहऱ्याला लावतात, त्यांत फार मोठे अंतर असते.

टी ट्री तेल हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या मेलाल्यूका अल्टरनिफोलिया या झाडाच्या पानांपासून ऊर्ध्वपातनाने काढतात. त्यातील टर्पिनेन-४-ऑल हा मुख्य घटक जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतो आणि काही प्रमाणात दाहही कमी करतो. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलची तुलना ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाशी करण्यात आली. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांतील मुरूम कमी झाले होते. तेलाचा परिणाम उशिरा दिसला, परंतु कोरडेपणा किंवा जळजळ यांसारख्या तक्रारी तेलाच्या गटात ४४ टक्के, तर पेरॉक्साइडच्या गटात ७९ टक्के रुग्णांनी केल्या. २००७ साली इराणमधील ६० रुग्णांच्या चाचणीत तेच ५ टक्क्यांचे जेल औषधविरहित जेलपेक्षा सरस ठरले. या दोन्ही चाचण्या सौम्य ते मध्यम मुरमांपुरत्या होत्या आणि लहान होत्या. शिवाय टी ट्रीचा वास इतका उग्र असतो की आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे रुग्णाला ओळखता येऊ नये, अशी व्यवस्था करणे अवघड जाते. त्यामुळे पुराव्यांचा आढावा घेणारे तज्ज्ञ या उपायाला ‘आश्वासक, पण कमी प्रतीच्या पुराव्याचा’ एवढेच म्हणतात, आणि ते मला योग्य वाटते.

बाजारातील छोट्या बाटलीत मात्र ५ टक्के जेल नसून बहुधा १०० टक्के तेल असते. घरी ते पातळ करायचे म्हटले तर हिशेब सोपा आहे, एक थेंब तेलाला एकोणीस थेंब दुसरे तेल. परंतु व्यवहार तितका सोपा नाही. कोरफडीच्या गरात हे तेल मिसळत नाही, त्याचे सूक्ष्म थेंब वेगळे राहतात आणि त्वचेच्या एखाद्या जागी जवळजवळ शुद्ध तेलच लागते. खोबरेल तेलात ते नीट विरघळते, पण मुरमांची प्रवृत्ती असलेल्या त्वचेवर खोबरेल लावणे हाच सल्ला शहाणपणाचा नव्हे. म्हणून कारखान्यात तयार झालेले, वेष्टनावर तीव्रता लिहिलेले जेल घेणे अधिक सुरक्षित ठरते. हे तेल पोटात घेण्यासाठी नाही हेही सांगायला हवे. लहान मुलांनी ते थोडे गिळले तरी गुंगी येऊन तोल जाऊ शकतो.

दुसरी अडचण बाटलीच्या वयाची आहे. हवा आणि उजेड लागला की तेलातील काही घटकांचे ऑक्सिडीकरण होते आणि ॲस्कॅरिडोलसारखी नवी संयुगे तयार होतात. ही संयुगे ताज्या तेलापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात ॲलर्जी निर्माण करतात. समजा, मिरजेत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मागच्या उन्हाळ्यात उघडलेली बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली आहे आणि ती रोज रात्री कापसाने शुद्ध तेल मुरमांवर लावते. पहिल्याच रात्री काही मिनिटांत आग झाली, लाली फक्त तेल लावलेल्या ठिकाणी राहिली आणि तेल बंद केल्यावर दोन-चार दिवसांत त्वचा निवळली, तर तो तीव्रतेमुळे झालेला साधा दाह समजावा. परंतु पहिले दोन-तीन आठवडे काहीच न होता नंतर एके दिवशी खाज सुटली, तेल लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी बारीक पाणीदार फोड आले आणि लाली पापण्यांपर्यंत पसरली, तर ती बहुधा ॲलर्जी असते. दाह असेल तर तेल पातळ करून पुढे वापरता येते. ॲलर्जी असेल तर तेल कितीही पातळ केले तरी ती परत उमटू शकते आणि ही सवय त्वचा सहसा आयुष्यभर विसरत नाही. म्हणून नवे जेल चेहऱ्याला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. एकाच रात्रीची परीक्षा उशिरा उमटणारी ॲलर्जी पकडू शकत नाही.

गंधकाचा इतिहास याहून जुना आहे. त्वचेच्या वरच्या थरात त्याचे थोडे रूपांतर हायड्रोजन सल्फाइडमध्ये होते, त्याने केराटिन हे त्वचेतले प्रथिन सैल होऊन रंध्रांच्या तोंडाशी साचलेला थर सुटतो आणि तेलकटपणाही कमी भासतो. (गंधकाच्या साबणाने हात धुतल्यावर चांदीची अंगठी काळवंडते, त्यामागेही गंधकच आहे.) अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या मुरमांच्या औषधांत ३ ते १० टक्के गंधक वापरण्यास मान्यता आहे. मात्र एकट्या गंधकाच्या चांगल्या चाचण्या फारच कमी आहेत. १९७२ साली तर गंधकामुळे उलट रंध्रे बुजतात असा निष्कर्ष दोन संशोधकांनी मांडला होता पण १९७८ साली झालेल्या फेरतपासणीत तो टिकला नाही. बागेतल्या पुड्यातील गंधक ८० टक्के असते, म्हणजे सर्वांत तीव्र मलमाच्या आठपट, आणि उरलेल्या भागात पाण्यात नीट पसरण्यासाठी घातलेली रसायने असतात, जी चेहऱ्यासाठी तपासलेली नसतात. फवारणीनंतर डोळ्यांची जी आग होते ती ज्याने अनुभवली आहे, त्याने ती भुकटी मुलाच्या गालावर लावण्याआधी थांबावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना साधे गंधक चालते, कारण ती वेगळी रसायने आहेत. परंतु काही तयार मलमांत गंधकाबरोबर सल्फासेटामाइड हे सल्फा औषधही असते, म्हणून वेष्टन वाचलेच पाहिजे.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा यांच्याबाबतीत मी इतका संयम ठेवणार नाही. माती परीक्षणामुळे सामू ठाऊक असलेल्यांना हे लगेच समजेल : निरोगी त्वचेचा सामू सुमारे ५, लिंबाच्या रसाचा २ ते ३, तर सोड्याचा ८ च्या पुढे असतो. लिंबू लावून उन्हात गेल्यास काही वेळा भाजल्यासारखे चट्टेही उठतात. सांगलीची हळद सहसा निरुपद्रवी असली तरी मुरमांवरील तिचा पुरावा तोकडा आहे.

आपल्या सावळ्या त्वचेत कोणत्याही दाहानंतर काळे डाग राहतात आणि ते मूळ मुरमापेक्षा कितीतरी महिने अधिक टिकतात. त्यामुळे आग होत असूनही “औषध काम करते आहे” म्हणून लावत राहणे सर्वांत महागात पडते. मुरूम खोल गाठींसारखे असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर या दोन्ही उपायांवर महिने घालवू नयेत. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना वापरलेली बाटली आणि मलमाची नळी सोबत न्यावी; पाठीवर पट्टी लावून ॲलर्जीची चाचणी करायची झाल्यास, नव्या तेलाऐवजी त्याच जुन्या बाटलीतले तेल तपासणे अधिक उपयोगाचे ठरते.