शिवणीची उलटी बाजू: कापलेली कड झाकण्याच्या तीन पद्धती

येवल्याची पैठणी हातात घेतली तर तिच्या दोन्ही लांब काठांना शिवणीची गरजच नसते. विणताना आडवा धागा काठाशी पोचतो आणि तिथूनच परत फिरतो, त्यामुळे तिथे सुटायला काही उरत नाही. धागे सुटतात ते फक्त मागावरून कापलेल्या दोन टोकांचे. साडी, धोतर, उपरणं वापरणाऱ्याला म्हणून उलट्या बाजूची फारशी चिंता नव्हती. सदरा, पोलकं, परकर आले, कापड कात्रीखाली गेलं आणि प्रत्येक तुकड्याला सुटणाऱ्या कडा आल्या. या कडा झाकायच्या कशा, या एकाच अडचणीतून फ्रेंच सीम, फ्लॅट फेल्ड सीम आणि रोल्ड हेम निघाले.

सिंगरने 1851 मध्ये आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. पुढे घरोघरी पोचलेल्या पायमशीनवर सरळ टीप झरझर पडू लागली, पण ती टीप दोन तुकडे जोडायची, कड बांधायची नाही. कड बांधणारं ओव्हरलॉक यंत्र अमेरिकेत मेरो यांनी 1881 मध्ये तयार केलं, आणि ते कारखान्यातलं यंत्र होतं. गल्लीतल्या शिंप्याकडे आणि घरी ओव्हरलॉक यायला पुढे बराच काळ गेला. तोवर सरळ टिपेतूनच कड झाकायची, तर कड कापडाच्याच घडीत कोंडणं हा सर्वांत टिकाऊ मार्ग होता.

फ्रेंच सीममध्ये हे कोंडणं पूर्ण होतं. मलमलीच्या कुर्त्याची बाजू जोडायची आहे आणि शिवणीसाठी दीड सेंटिमीटर सोडलं आहे, असं धरू. नेहमीच्या उलट, आधी दोन्ही तुकड्यांच्या उलट्या बाजू एकमेकींना लावायच्या आणि कडेपासून 6 मिलिमीटरवर टीप मारायची. मग ही कड 3 मिलिमीटरपर्यंत छाटायची, इस्त्री फिरवायची, कापड पलटून सुलट्या बाजू आत घ्यायच्या आणि घडीपासून 9 मिलिमीटरवर दुसरी टीप मारायची. 6 आणि 9 मिळून सोडलेलं दीड सेंटिमीटर बरोबर संपतं, म्हणून माप बिघडत नाही. बाहेरून फक्त जोडाची रेघ दिसते, टीप दिसत नाही. आतून एक अरुंद, उभी पट्टी दिसते आणि एकही सुटा धागा नसतो. पारदर्शक कापडातून ही पट्टी बाहेरूनही दिसते. ती एकसारखी रुंद असेल तर शोभते. छाटणीत हयगय झाली तर दुसऱ्या टिपेतून धाग्यांच्या मिशा बाहेर डोकावतात, आणि एकदा आल्या की त्या नीट काढता येत नाहीत. जाड कापडात ही शिवण दोरीसारखी फुगते, आणि बगलेच्या गोलाईवर ती सपाट बसत नाही.

जाड कापडाला फ्लॅट फेल्ड सीम लागते. इथे पहिल्या टिपेनंतर एक कड अर्धी छाटतात, दुसरी रुंद कड तिच्यावरून दुमडतात आणि ती घडी कापडावर सपाट बसवून पुन्हा टीप मारतात. उलट्या बाजू जोडून सुरुवात केली तर बाहेर दोन समांतर टिपा दिसतात आणि आत एक. सुलट्या बाजू जोडून सुरुवात केली तर बाहेर एक आणि आत दोन. दोन्ही बाजूंनी कापड सपाट राहतं, अंगाला काही टोचत नाही, आणि धोपटून धुतलं तरी ताण दोन टिपांत वाटला जातो. शर्टाच्या बाजूंना आणि जीन्सला ती त्यामुळेच मानवली. पण जीन्सच्या पायाला बहुतेक वेळा एकाच बाजूला ती सापडते. पहिली बाजू शिवून झाली की दुसरी जोडताना पाय नळीसारखा बंद होतो, आणि नळीच्या आत दुमड सपाट धरून मशीन चालवणं फार अवघड जातं.

रोल्ड हेम जोडासाठी नसून मोकळ्या कडेसाठी आहे. पूर्वी रुमालाची कड अंगठा आणि बोटात वळवून बारीक टाक्यांनी शिवत. त्याच कामाचं आजचं रूप म्हणजे साडीचं पिको. नाशिकच्या मेन रोड परिसरात नवी साडी घेणाऱ्याला फॉल-पिको हे शब्द सांगावे लागत नाहीत.

ओव्हरलॉक सर्वत्र आल्यावर शर्टाची कड बांधून, एका बाजूला वळवून, वरून एक टीप मारणं सोपं झालं. ही शिवण बाहेरून अगदी एका टिपेच्या फ्लॅट फेल्ड सीमसारखी दिसते. फरक कळतो तो शर्ट उलटा केल्यावर: आत दुमडलेली सपाट पट्टी असेल तर ती फेल्ड, आणि दोऱ्यांची जाळी असलेली उघडी कड दिसली तर ते ओव्हरलॉक. तीच जाळी घासून सुटली की कापडाचे धागे निघू लागतात, आणि पुढचा ताण एकट्या जोडाच्या टिपेवर येतो.