रेकॉर्डिंगला होकार आणि वापराला होकार: गावसभेच्या पत्रात दोन्ही वेगळे मागा

“आपल्या भाषेच्या अभ्यासासाठी काही रेकॉर्डिंग करायचे आहे. ते फक्त संशोधनासाठी वापरले जाईल. तरी परवानगी मिळावी.” प्रत्यक्ष गावात जाऊन भाषेचा अभ्यास करणाऱ्यांची गावसभेला जाणारी पत्रे पुष्कळदा अशीच असतात. पत्र सभ्य आहे, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकाच होकारात मागितल्या आहेत, आणि पुढची भांडणे नेमकी तिथूनच सुरू होतात.

रेकॉर्डिंगला होकार हा एका प्रसंगापुरता असतो. कोण येणार, कुठे बसणार, नुसता आवाज घेणार की चित्रीकरणही, किती वेळ, मानधन काय, मध्येच थांबवता येईल का, एवढेच त्यात येते. यंत्र बंद झाले की तो होकार संपला. वापराला होकार तिथून पुढे सुरू होतो आणि तो फाइलबद्दल असतो. ती कुठे राहणार, कोण ऐकणार, लिहून काढून छापणार का, वीस वर्षांनी दुसऱ्याच कोणी मागितली तर द्यायची का? सभेत रेकॉर्डर समोर ठेवलेला असतो, सगळ्यांना दिसतो, म्हणून प्रश्न त्याच्याबद्दलच विचारले जातात. फाइल जिथे कायमची ठेवली जाते तो संग्रह कोणाला दिसत नाही. लोक मान डोलावतात ती दिसणाऱ्या गोष्टीला, आणि अभ्यासक ती न दिसणाऱ्या गोष्टीलाही लागू धरतो.

दोन्ही एकत्र केल्याने काय होते, याचा धडा भाषाविज्ञानाबाहेरच्या एका प्रकरणातून मिळतो. अमेरिकेत 1990 पासून हवासुपाई जमातीच्या लोकांनी अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. मधुमेहाच्या अभ्यासासाठी ते देत आहोत, अशी लोकांची समजूत होती. संमतिपत्रातले शब्द मात्र मोघम होते. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि जमातीचे मूळ स्थलांतर अशा विषयांवरही संशोधन झाले. हे जमातीला कळले तेव्हा दावा उभा राहिला. 2010 मध्ये तडजोड होऊन विद्यापीठाला सात लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेले नमुने परत करावे लागले. नमुना देण्याला लोकांचा होकार होता. त्यातून पुढे काय काय शोधले जाईल, हे त्यांना कधी नीट विचारलेच गेले नव्हते. आवाजाच्या फाइलचे याहून वेगळे नाही, उलट तिची प्रत काढायला काहीच खर्च येत नाही.

“फक्त संशोधनासाठी” या शब्दांत शब्दकोशातली उदाहरणवाक्ये बसतात, वर्गात वाजवलेली क्लिप बसते, सार्वजनिक संग्रहातली ठेव बसते आणि यंत्राला बोलणे ओळखायला शिकवणेही बसते. एखाद्या वडीलधाऱ्याला पहिले चालेल, शेवटचे चालणार नाही. त्यामुळे पत्रात हे शब्द टाळावेत आणि प्रत्येक वापर वेगळ्या ओळीत मांडून त्याला वेगळे हो-नाही मागावे. यादी चार-पाच ओळींपेक्षा लांबवू नये. पंधरा ओळी झाल्या की लोक न ऐकताच सगळ्यांना हो म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. एका आजीबाईंचे चाळीस मिनिटांचे रेकॉर्डिंग आहे. सुरुवातीला लोककथा, पण बाविसाव्या मिनिटाला ओघात शेजाऱ्याच्या जमिनीच्या वादावर गाडी घसरते, नावेही घेतली जातात, आणि तिसाव्या मिनिटाला कथा पुन्हा सुरू होते. रेकॉर्डिंगला आजींचा होकार होता, त्यात काही चूक नाही. पण आधी कथेच्या वापराला दिलेला होकार या आठ मिनिटांना लागू होत नाही, कारण ते बोलणे येईल हे तेव्हा आजींनाही ठाऊक नव्हते. शिवाय ज्याचे नाव निघाले त्या शेजाऱ्याने तर कशालाच होकार दिलेला नाही. म्हणून वापराचा होकार आधी ढोबळ घ्यायचा आणि रेकॉर्डिंग ऐकवून झाल्यावर पक्का करायचा. मूळ फाइल बंद ठेवायची, आठ मिनिटे वगळून दुसरी फाइल बनवायची आणि तीच संग्रहात खुली करायची. एलार, पॅराडिसेक यांसारख्या भाषासंग्रहांत फाइल सर्वांना खुली ठेवता येते किंवा तिच्यावर बंधन घालता येते. तेव्हा “सगळे द्या किंवा काहीच नको” असा पेच गावापुढे टाकायचे कारण नाही.

ऐकवण्यासाठीची प्रतही गावात सहज चालेल अशी हवी. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची स्टीरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 17 एमबी घेते, म्हणजे आजींचे रेकॉर्डिंग जवळजवळ 700 एमबीचे. गावातल्या साध्या फोनवर ते चालवणे त्रासाचे. 128 केबीपीएसची एमपी3 प्रत सुमारे 38 एमबीत बसते. संग्रहाला वेव्ह आणि गावाला एमपी3, हे पत्रातच लिहावे.

होकार मागे घेण्याची गोष्टही दोन्हीकडे सारखी नाही. रेकॉर्डिंग कोणत्याही क्षणी थांबवता येते. वापर मात्र एका टप्प्यानंतर थांबत नाही. संग्रहातून फाइल काढली तरी ज्यांनी आधी उतरवून घेतली त्यांच्याकडची प्रत राहते. इतरांना वापराची आगाऊ मोकळीक देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना तर एकदा दिल्यावर रद्द होत नाही. पुढे वाटणे थांबवता येते, पण ज्यांना त्याखाली प्रत मिळाली त्यांचा हक्क कायम राहतो. “कधीही माघार घेता येईल” असे पत्रात लिहिणे म्हणून खोटे ठरते. तसेच “नाव गुप्त ठेवू” हे वचन. लहान गावात आवाजावरूनच माणूस ओळखला जातो. नाव छापणार नाही एवढेच म्हणता येते, आणि अनेकांना आपले नाव यावे असेच वाटत असते, तेही विचारावे.

पत्रातला वापराचा भाग असा लिहिता येईल:

“रेकॉर्डिंग झाल्यावर त्याची प्रत बोलणाऱ्या व्यक्तीला महिनाभरात देऊ. ऐकून नको वाटलेला भाग काढू. प्रत दिल्यापासून सहा महिने फाइल कोणालाही देणार नाही. त्या मुदतीत पूर्ण फाइल पुसायला सांगितली तर पुसू. मुदतीनंतर, आपण होकार दिला असेल तर, ती संग्रहात ठेवू. त्यानंतर आम्ही ती तिथे बंद करायला लावू शकतो, पण लोकांनी आधी घेतलेल्या प्रती परत आणू शकत नाही.”

हे पत्र सभेत भाषेच्या जाणकाराने मोठ्याने वाचावे आणि वाचून झाल्यावर “समजले का?” असे विचारू नये, त्याला उत्तर हो असेच येते. त्याऐवजी “माघार घ्यायची झाली तर कधीपर्यंत आणि कोणाला सांगायचे?” असे विचारावे. उत्तर “तुम्हालाच, केव्हाही” असे आले, तर मुदतीची गोष्ट पोहोचलेली नाही. तो परिच्छेद पुन्हा वाचावा.

सभेचा होकार गावात काम करण्यापुरता असतो, बोलणाऱ्याचा होकार ज्याचा त्याच्याकडूनच घ्यायचा. तो तोंडी असला तरी चालतो, पण यंत्र सुरू करण्याआधी विचारून, मग सुरू करून पुन्हा विचारावा, म्हणजे नोंदही राहते. उलट, विधीची गाणी एखाद्या कुळाची किंवा सगळ्या गावाची असतील, तर गाणाऱ्याचा एकट्याचा होकारही पुरत नाही.

शेवटची ओळ बहुतेक पत्रांत नसतेच. “मागितल्यास विचारून देऊ” अशा फाइलींसाठी विचारायचे कोणाला? अभ्यासकाचा फोन बदलतो, तो निवृत्त होतो, बोलणारी व्यक्ती जाते, आणि फाइल उघडायला कोणीच उरत नाही. म्हणून व्यक्तीच्या नावासोबत पदही लिहावे: बोलणाऱ्या व्यक्तीनंतर तिने नेमलेला वारस, तो नसेल तर गावसभेचा त्या वेळचा प्रमुख. संग्रहाचा पत्ता आणि ठेवीचा क्रमांक मिळताच दुसऱ्या पत्राने सभेला कळवावा आणि सभेच्या दप्तरात नोंदवायला सांगावा.