दोन चौकटी, एकच घड्याळ: ‘अपेक्षा-वास्तव’ आणि ‘आधी-नंतर’ यांतला घोळ

लग्नाचं नियोजन करणाऱ्यांच्या रील्समध्ये पडदा दुभागून दाखवण्याचे दोन प्रकार चालतात, आणि ते सर्रास एकमेकांत मिसळतात. पहिल्यात रिकामा हॉल आणि सजलेला हॉल असतो. दुसऱ्यात नवरीच्या मनातली एन्ट्री आणि प्रत्यक्षातली एन्ट्री असते. दोन्हींत दोन चौकटी आणि मध्ये रेघ, त्यामुळे एकाचा साचा दुसऱ्याला लावला की चाललं असं वाटतं. पण चालत नाही, कारण दोन्हींतलं घड्याळ वेगळं आहे.

‘आधी-नंतर’मध्ये एका चौकटीत सकाळचे सात वाजलेत आणि दुसरीत अकरा. मधल्या चार तासांत कोणीतरी काम केलंय आणि त्याचं श्रेय नियोजकाचं. इथे विनोद लागत नाही. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या, कॅमेऱ्याची उंची आणि झूम लिहून ठेवायचा आणि चार तासांनी त्याच जागी उभं राहायचं. खांब खांबावर बसला की निम्मं काम झालं.

‘अपेक्षा-वास्तव’मध्ये मात्र दोन्ही चौकटींत बारा वाजून चारच मिनिटं झालेली असतात. एक मनातली, दुसरी मांडवातली. हे प्रेक्षकाला कळलं नाही तर तो सवयीने काळाच्या क्रमाने वाचतो: आधी छान होतं, नंतर पार विस्कटलं. म्हणजे नियोजकाने स्वतःच्याच खर्चाने स्वतःची बदनामी केली. म्हणून मांडवातलं भिंतीवरचं घड्याळ दोन्ही चौकटींत दिसलं पाहिजे, आणि त्याचे काटे जुळले पाहिजेत. घड्याळ फ्रेममध्ये बसत नसेल तर रेघेवरच वेळ लिहा, दोन्हींसाठी एकच. ‘अपेक्षा’ आणि ‘वास्तव’ हे शब्द पहिल्या दोन प्रसंगांपुरते पुरतात. पुढे घड्याळच ते काम करतं.

दुसरा फरक चूक कोणाची, हा. ‘आधी-नंतर’मध्ये चूक नसतेच. ‘अपेक्षा-वास्तव’च्या स्किटमध्ये गोंधळ हवाच, पण तो काकूंच्या अंगावर ढकलला तर पुढचं गिऱ्हाईक दुरावतं आणि नियोजकावर ढकलला तर हेच गिऱ्हाईक. गोंधळ हिशोबातून आला तर कोणी दुखावत नाही. फेट्यांचंच बघा. एक फेटा नीट बांधायला सरासरी तीन मिनिटं धरा. चाळीस फेटे आणि फेटेवाला एकच, म्हणजे दोन तास. साडेदहाला सुरू केलं तर साडेबारा. मुहूर्त बारा सतराचा. दोन फेटेवाले सांगितले असते तर साडेअकराला रांग संपली असती. लग्नघरात अर्ध्या लोकांनी हे भोगलेलं असतं, म्हणून रांग दिसली की हसू येतं, समजावून सांगावं लागत नाही.

आता हाच धागा धरून पंचेचाळीस सेकंदांचं स्किट. मोबाइलचं उभं चित्र 1080 बाय 1920 पिक्सेलचं. ते उभ्या रेघेने कापलं तर 540 रुंदीच्या दोन पट्ट्या होतात, त्यांत फुलांची चादर धरणारी चार माणसं मुंगीएवढी दिसतात. आडवं कापलं तर 1080 बाय 960 च्या दोन जवळजवळ चौकोनी खिडक्या मिळतात. म्हणून वर अपेक्षा, खाली वास्तव. खालच्या खिडकीचा तळाचा तिसरा हिस्सा मात्र खात्याचं नाव आणि मजकूर यांखाली झाकला जातो, तेव्हा खालचे चेहरे रेघेच्या जवळ ठेवा.

घड्याळ 11:52, पहिली आठ सेकंदं.
वर: आरशासमोर नवरी, शांत. मागे नियोजिका हातात पॅड घेऊन स्मित करत उभी.
खाली: तोच आरसा, त्यात नवरी आणि तिच्यामागे पिना शोधणाऱ्या तीन मावश्या. दारातून फेट्यांची रांग दिसते. रांगेत मामा. मामा मागच्या पाहुण्याला पुढे करतात: “तुम्ही घ्या हो बांधून, मी काय घरचाच.”

मामांचं हे वाक्य सगळ्या स्किटचा खिळा आहे. ते ऐकू गेलंच पाहिजे, म्हणून त्या दोन सेकंदांत वरची नवरी पापणीही हलवत नाही. प्रेक्षकाचा डोळा एका वेळी एकाच खिडकीत असतो. दोन्हींकडे हालचाल चालू ठेवली की त्याला दोन्हींतलं काहीच दिसत नाही. एकीकडे प्रसंग घडत असताना दुसरी खिडकी थिजवायची, आणि खालचं उत्तर वरच्या हालचालीनंतर साधारण एका सेकंदाने यायला हवं. आवाजालाही हाच नियम. वर सनई, खाली मांडवाचा कल्लोळ; ज्या खिडकीत प्रसंग चाललाय तिचा आवाज पूर्ण, दुसरीचा वीस टक्क्यांवर. सनई वाजंत्र्यांकडून परवानगीने रेकॉर्ड करून घेतलेली बरी, कारण व्यवसायाच्या खात्यांना लोकप्रिय गाणी बरेचदा वापरता येत नाहीत.

घड्याळ 12:04, पुढची बारा सेकंदं.
वर: नवरी फुलांच्या चादरीखाली एकटी, सावकाश. चार भाऊ चार कोपरे धरून, सगळे एका उंचीचे.
खाली: चार भाऊ, त्यांतला एक कॉलेजातला सहा फुटी आणि एक चौथीतला. चादर उताराला लागलीय, निशिगंधाच्या माळा घरंगळून धाकट्याच्या डोक्यावर. स्पीकरमधून गाण्याऐवजी “ब्लूटूथ कनेक्टेड”.

इथे घाई करू नका. चादर कललेली दिसायला तीन सेकंद लागतात, मग धाकट्याच्या तोंडावर फुलं. (खऱ्या लग्नात यावर उपाय सोपा आहे: उंच दोघे मागे, ठेंगणे दोघे पुढे, म्हणजे उतार समोर येतो आणि फोटोत तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो. स्किट टाकताना ही युक्ती सोबतच्या मजकुरात लिहिली तर नियोजकाचं कसब जाहिरात न करता कळतं.)

घड्याळ 12:11, दहा सेकंदं.
वर: नवरी अजून चालतेच आहे.
खाली: गुरुजी माइकवर: “मुलीच्या मामांनी मुलीला लवकर घेऊन यावे.” सगळ्यांच्या माना दाराकडे. फेटेवाल्यासमोर मामा, फेटा अर्धा, उरलेलं कापड फरशीवर. साडेदहापासून तीन मिनिटांना एक धरला तर हा चौतिसावा. मामा उठतात. फेटेवाला: “अहो, थोडंच राहिलंय!”

आता शेवट. बहुतेक जण इथे गोड संगीत टाकतात आणि जोडप्याचा फोटो लावून मोकळे होतात. तो शेवट उबदार वाटत नाही, कारण वर जे घडतंय त्याच्याशी त्याचा संबंध नसतो. वरची चौकट नीट पाहा. तिथे नवरी एकटी चालतेय. तिच्या अपेक्षेत मामा नाहीच. सुंदर एन्ट्रीची आखणी करताना त्याला कोणी धरलंच नव्हतं. खाली अर्ध्या फेट्यातला मामा येतो आणि तिचा हात धरतो.

खाली: नवरी: “मामा, अरे फेटा!”
मामा: “राहू दे गं. चल.”
ते निघतात. लोंबणारं कापड पायात येणार, एवढ्यात एक हात ते उचलतो. कॅमेरा थोडा मागे: नियोजिका वाकून, काखेत पॅड, दोन्ही हातांत कापडाचं टोक धरून मागोमाग.

हे दृश्य मुद्दाम मोठं करू नका. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं तरी ते बिघडेल. वरच्या चौकटीत ती स्मित करत नुसती उभी होती. खाली तिच्यावर कोणाचंच लक्ष नाही आणि ती कामात आहे. एवढा फरक दोन सेकंदांत दिसतो.

घड्याळ 12:17. कॅमेरा नवऱ्याच्या खांद्यामागून. समोर अंतरपाट, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. इथे रेघ पुसायची आहे, आणि ते काम अंतरपाटच करतो. हा शेवटचा शॉट पूर्ण उभा, 1920 उंचीचा घ्या, पण दाखवताना सुरुवातीला त्याचा फक्त खालचा अर्धा भाग दाखवा. कापडाची वरची कड बरोबर चित्राच्या मध्यावर, म्हणजे दोन खिडक्यांमधल्या रेघेवर, येईल असं कापड धरायला सांगा. “शुभमंगल” ऐकू येतं, कापड धरणारे ते वर उचलतात, आणि एडिटमध्ये खालच्या चौकटीची कड कापडाच्या कडेसोबत वर सरकवत न्या. अर्ध्या सेकंदाची हालचाल असेल तर सेकंदाला तीस फ्रेमच्या चित्रात पंधरा फ्रेमचं काम आहे. बघताना असं वाटतं की अंतरपाटाने वरची अपेक्षा झाकून टाकली. मग “सावधान”, कापड बाजूला, आणि संपूर्ण पडद्यावर एकच चित्र: नवरी, तिच्या खांद्यामागे अर्ध्या फेट्यातला मामा, अक्षता.

इथे फसतं ते दोन ठिकाणी. एक, कापड धरणाऱ्या दोघांची उंची वेगळी असली की कड तिरकी होते आणि सरळ रेघ कापडापासून सुटते. दोघे एका उंचीचे निवडा, आणि वरून एक पातळ काठी शिवून घेतली की कड ताठ राहते. दोन, नवरीच्या मागे खिडकी असेल तर कापडातून तिची आकृती दिसते आणि उघडण्यातली गंमत आधीच संपते. कापड दुहेरी करा, नाहीतर त्या खिडकीवर पडदा ओढा. एक्सपोजर लॉक करून ठेवा, कारण पांढरं कापड हटलं की कॅमेरा उजेड बदलतो आणि नवरीचा चेहरा क्षणभर काळपट दिसतो. अक्षता एकाच वेळी सगळ्यांनी टाकल्या तर लेन्ससमोर नुसता तांदूळ. कॅमेऱ्याच्या बाजूच्या लोकांना टाकूच नका म्हणावं.

सनई इथे पूर्ण बंद. मांडवातला खराच आवाज ठेवा, वाजंत्री आणि टाळ्या, तीन सेकंद. नियोजिकेचं नाव त्यानंतर, आणि तेही झाकल्या जाणाऱ्या तळापासून वर, मामाच्या लोंबत्या फेट्याच्या शेजारी.