सोसायटीच्या ऑडिटसाठी बँक स्टेटमेंटचा तक्ता: कागदपत्रं आणि कृती

स्टेटमेंट बँकेकडून खात्याच्या अधिकृत सहीदारांनीच मागवायचं, म्हणजे बहुतेक सोसायट्यांत अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार यांनी. १ एप्रिल ते ३१ मार्च असं पूर्ण वर्षाचं पीडीएफ घ्या. आपण बनवलेला तक्ता कामापुरता असतो, पुरावा ठरत नाही. म्हणून मूळ पीडीएफ ऑडिटरना सोबत द्याच. चेकबुकची काउंटरफॉइल आणि कॅशबुकही हाताशी ठेवा.

पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की रकाने मोडतात आणि असं काहीतरी हाती येतं:

```
B/F 42,310.50
03/04/2024 BILL PAY ELECTRICITY
409412 1,250.00 41,060.50
05/04/2024 NEFT MAINT FLAT 7
18,000.00 59,060.50
13/04/2024 CHQ 000412 7,500.00 51,560.50
```

तारखेने सुरू होणारी ओळ म्हणजे नवा व्यवहार. तारीख नसलेली ओळ वरच्याच व्यवहाराच्या तपशिलाला जोडा. प्रत्येक पानावर पुन्हा येणारी शीर्षकं काढून टाका. 409412 किंवा 000412 ला रक्कम समजू नका. रकमेत पैशांचे दोन अंक असतात.

आता खरा प्रश्न: 18,000 जमा की खर्च? तपशिलावरून अंदाज बांधू नका, शिल्लक विचारा. 41,060.50 वरून ती 59,060.50 झाली, म्हणजे वाढली, म्हणून जमा. पहिल्या व्यवहारात 42,310.50 ची 41,060.50 झाली, म्हणून 1,250 खर्च. याच कारणाने B/F ची, म्हणजे मागून पुढे आणलेल्या सुरुवातीच्या शिलकेची ओळ कधीही पुसू नका. ती गेली तर पहिला व्यवहार ठरवता येत नाही. स्टेटमेंट नव्याकडून जुन्याकडे छापलेलं असेल तर आधी क्रम उलटा करा.

एक्सेलमध्ये तारीख A, तपशील B, खर्च C, जमा D आणि शिल्लक E मध्ये घ्या. B/F दुसऱ्या ओळीत आहे असं धरून F3 मध्ये हे लिहा आणि शेवटपर्यंत ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

सगळीकडे 0 आलं पाहिजे. समजा पानाच्या शेवटी 590 रुपयांच्या बँक चार्जेसची ओळ सुटली, तर पुढच्याच ओळीत 590 दिसेल. हीच रक्कम मूळ पीडीएफमध्ये शोधा. फरक खोडून शून्य करण्यासाठी आकडा मात्र बदलू नका. रक्कम चुकीच्या रकान्यात पडली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो: 7,500 चुकून जमेत गेले तर 15,000.

तारखांचा घोळ या सूत्रात पकडला जात नाही. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर 05/04/2024 ही 4 मे होते आणि 13/04/2024 नुसता मजकूर म्हणून सेलच्या डावीकडे चिकटून राहते. असं दिसलं की तारखेचा रकाना मजकूर स्वरूपात करून मूळ तारखा पुन्हा पेस्ट करा आणि `Text to Columns` मध्ये `DMY` निवडा.

31 मार्चची शिल्लक कॅशबुकशी जुळली नाही तर घाबरू नका. दिलेला पण अजून वटलेला नसलेला चेक असू शकतो. तशा चेकची यादी तक्त्याखाली वेगळी लिहून ऑडिटरना द्या.