चंद्र मोठा का होऊ नये? सपाट दृश्यात खोली आणण्यामागचा इतिहास

रात्रीचं दृश्य आहे. पुढे झाडाच्या फांद्या, मध्ये घर, मागे डोंगर, वर चंद्र. सगळं एकाच कागदावर रंगवलेलं. कॅमेरा त्या कागदाच्या जवळ नेला की घर मोठं होतं, फांद्या मोठ्या होतात आणि चंद्रही त्याच प्रमाणात मोठा होतो. बघणाऱ्याला लगेच खटकतं. चांदोबा आपल्याबरोबर चालतो हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. तो इतका दूर आहे की आपण चाललो काय नि थांबलो काय, त्याच्या आकारात काही फरक पडत नाही. म्हणून पडद्यावर चंद्र फुगू लागला की आपण पुढे जातोय असं वाटत नाही, कुणीतरी चित्र डोळ्यांजवळ आणतंय असं वाटतं.

वॉल्ट डिस्नेने 1957 साली दूरचित्रवाणीवर एकावर एक ठेवलेल्या काचांवरची चित्रं टिपणाऱ्या आपल्या मल्टिप्लेन कॅमेऱ्याची ओळख करून दिली, तेव्हा अडचण समजावण्यासाठी असंच चांदण्या रात्रीचं चित्र घेतलं होतं. आज कॉम्पोझिटिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी चित्रं संगणकावर एका फ्रेममध्ये जुळवताना, चित्राचे थर म्हणजे लेयर मागेपुढे ठेवतात. कॅमेरा सरकला की जवळचं जास्त आणि दूरचं कमी सरकतं, यालाच पॅरलॅक्स म्हणतात. त्याचं मूळ याच अडचणीत आहे.

तिच्यावरचा उपाय मात्र डिस्नेच्या स्टुडिओत पहिल्यांदा सापडला नाही. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी 1926 साली प्रदर्शित झालेल्या राजपुत्र अहमदच्या छायाचित्रपटासाठी काचेचे थर एकावर एक ठेवले होते. कापलेल्या काळ्या आकृत्या एका काचेवर, मागचं वातावरण दुसऱ्या काचांवर आणि कॅमेरा वरून खाली बघणारा, अशी ती रचना होती. पुढे 1930च्या दशकात अमेरिकेत अब आयवर्क्स यांनी स्वतःचं यंत्र उभारलं. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने वेगळी वाट धरली. त्यांनी मागे खरोखरचा छोटा त्रिमित सेट बांधून तो फिरता ठेवला आणि त्याच्यासमोर सेल, म्हणजे पात्र रंगवलेला पारदर्शक पत्रा, उभं धरून छायाचित्रण केलं. त्यात खोली अस्सल असे, पण रंगवलेलं पात्र आणि बांधलेला सेट यांचा पोत जुळत नसे. माझ्या मते काचेची पद्धत टिकली ती यामुळेच, कारण तिच्यात सगळं काही एकाच हाताने रंगवल्यासारखं दिसतं.

डिस्नेकडे विल्यम गॅरिटी यांच्या देखरेखीखाली घडलेलं यंत्र माणसाच्या दुप्पट उंचीचं होतं. कॅमेरा वर, त्याखाली काचांचे थर आणि प्रत्येक थराला वेगळे दिवे. प्रत्येक फ्रेमला प्रत्येक काच ठरलेल्या मापाने सरकवायची, मग एक फ्रेम टिपायची. जवळची काच जास्त, दूरची कमी. सगळ्यात खालची चंद्राची काच जवळजवळ हलवायचीच नाही. ‘द ओल्ड मिल’ हा 1937चा लघुपट या यंत्राची चाचणी होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘स्नो व्हाइट’मध्येही ते वापरलं गेलं. पण एकेका शॉटला अनेक माणसं आणि फार वेळ लागे. काचेवरची धूळ, चकाकी आणि दिव्यांचा समतोल सांभाळावा लागे तो वेगळाच. त्यामुळे हा खर्च निवडक शॉटपुरताच परवडत असे.

काच गेली ती संगणकामुळे. डिस्नेने पिक्सारबरोबर उभारलेल्या संगणकीय यंत्रणेवर 1990चा ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ तयार झाला आणि थर पिक्सेलचे झाले. 2001 साली आफ्टर इफेक्ट्स या कॉम्पोझिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीत त्रिमित लेयर आणि कॅमेरा आले. जे यंत्र एखाद्याच स्टुडिओला परवडत होतं, त्याचं काम आता टेबलावर होऊ लागलं. गणित मात्र काचेच्या काळातलंच राहिलं.

तेच गणित आपल्या रात्रीच्या दृश्यावर लावून पाहू. कॅमेऱ्यापासून फांद्या 1000 पिक्सेलवर, घर 2000वर, डोंगर 4000वर आणि आकाश-चंद्र 20000वर ठेवले. कॅमेऱ्याचं झूम मूल्य 2000 धरलं, तर 2000 अंतरावरचा लेयर मूळ मापात दिसतो. बाकीचे लेयर मूळ चित्रासारखेच दिसावेत म्हणून त्यांचं स्केल अंतराच्या प्रमाणात बदलायचं. फांद्या 50 टक्के, डोंगर 200 टक्के, आकाश 1000 टक्के. इतकं केल्यावर फ्रेम पहिल्यासारखीच सपाट दिसते आणि ती तशीच दिसायला हवी. खोली हालचालीशिवाय दिसत नाही.

आता कॅमेरा 500 पिक्सेल पुढे न्या. फांद्यांचं अंतर निम्मं झालं, म्हणून त्या दुप्पट दिसतात. घर एक तृतीयांशाने वाढतं, डोंगर एक सप्तमांशाने, आकाश तीन टक्क्यांहून कमी. पडद्यावर 60 पिक्सेलचा चंद्र 62च्या आतच राहतो. हेच घर सपाट चित्र मोठं करून तेवढंच वाढवलं असतं, तर चंद्र 80 पिक्सेलचा झाला असता. कॅमेरा 100 पिक्सेल बाजूला सरकवला, तर फांद्या पडद्यावर 200 पिक्सेल सरकतात, घर 100, डोंगर 50 आणि चंद्र फक्त 10.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण नवखे कलाकार नेमके इथेच अडखळतात. कॅमेऱ्याचं झूम मूल्य वाढवलं, तर सगळे लेयर एकाच प्रमाणात वाढतात. लेयर कितीही लांब-लांब ठेवले तरी चंद्र पुन्हा फुगतो. कॅमेरा जागच्या जागी वळवला तरी पुढची वस्तू मागच्या वस्तूवरून सरकत नाही. पॅरलॅक्स हवं असेल, तर कॅमेऱ्याची जागाच बदलावी लागते. तपासणी सोपी आहे. फांदीचं टोक आणि मागच्या घराची एक खिडकी यांच्यावर नजर ठेवायची. शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांचं एकमेकांशी नातं तेच असेल, तर खोली आलेली नाही.

चित्र तयार करतानाही या आकड्यांचा विचार लागतो. फांद्या शेवटी दुप्पट दिसणार असतील, तर त्या दुप्पट मापातच रंगवायला हव्यात, नाहीतर नेमक्या डोळ्यांसमोर येताना पुसट होतात. बाजूच्या हालचालीसाठी प्रत्येक लेयर फ्रेमच्या कडेबाहेर तितका जास्त हवा, म्हणजे फांद्यांना 200 पिक्सेल आणि आकाशाला 10. आणि फांद्या मूळ चित्रातून कापून काढल्या असतील, तर त्यांच्यामागचं घर आणि आकाश रंगवून भरावं लागतं. फांदी सरकली की तिच्या आकाराचं भोक उघडं पडतं. सगळ्यात जास्त वेळ या भरण्यातच जातो. जुन्या छायाचित्रांना अशी हालचाल देणाऱ्या माहितीपटांतही मुख्य मेहनत तीच असते.

काचेच्या काळातली एक मर्यादा आजही तशीच आहे. प्रत्येक थर स्वतः सपाटच असतो. अंतरं फार ताणली, की झाडं आणि घरं पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसतात. जमीन तर सगळ्यात अवघड, कारण ती पायापासून क्षितिजापर्यंत सलग पसरलेली असते आणि एका अंतरावर ठेवताच येत नाही. घर एका लेयरवर आणि त्याचं अंगण दुसऱ्यावर ठेवलं, तर कॅमेरा सरकताच घर अंगणावरून घसरतं. म्हणून घराच्या पायथ्याची जमीन घराच्याच लेयरवर ठेवून तिची पुढची कड गवताने झाकतात, किंवा जमिनीचा लेयर आडवा पाडून तिची पुढची कड जवळच्या अंतरावर आणि मागची कड दूरच्या अंतरावर बसवतात. आडव्या जमिनीवर घराची खालची कड नेमक्या त्याच अंतरावर टेकवावी लागते. ती टेकली आहे का, हे थांबलेल्या फ्रेमवर कळत नाही. कॅमेरा बाजूला सरकवून फक्त तो सांधा पाहावा लागतो.